हवेतून आलेली माफी

पनवेलच्या खाडीकडच्या आळीत होळीला पहिला नारळ कोणी वाहायचा, यावरून दाजी आणि काशीराम यांनी एकमेकांचं तोंड बघायचं सोडलं. नारळ दोन होते, होळी दोघांनाही पुरून उरली असती. पण मान एकच होता ना! शिक्षा मात्र पोरींना झाली. दाजींची शकू आणि काशीरामची वेणू, दोघी नऊ वर्षांच्या, जिवाभावाच्या मैत्रिणी. दोघींनी बोलायचं नाही, खेळायचं नाही. त्यावर कडी म्हणजे काशीरामने वेणूला परवाच उरणला मावशीकडे धाडायचं ठरवलं, थेट पावसाळ्यापर्यंत. पोरीची शाळा बुडाली तरी चालेल, बापाचं नाक वर राहिलं पाहिजे.

शकूला रडू आलं. मग राग आला, आणि राग आल्यावर तिला पतंग सुचला.

तिने बांबूची एक जाड काडी उभी लावली, एक पातळ काडी कमानीसारखी वाकवून आडवी बांधली, वर भाताच्या खळीने कागद चिकटवला. पतंग बोटावर तोलला तर उजवीकडे कलला, म्हणून कमानीची तेवढी बाजू विळ्याने तासली. तरी घरामागच्या बांधावरून उडवताच तो गरागरा फिरून डोक्यावर आपटला. फाटक्या लुगड्याच्या चिंधीचं शेपूट लावल्यावर त्याला अक्कल आली. वारा जोराचा होता, म्हणून दोरा बांधायची गाठ तिने बोटभर वर सरकवली, आणि पतंग सरसर चढला.

आता टपाल. दोऱ्यात तिने आधीच पपईच्या देठाची पोकळ नळी ओवून ठेवली होती. नळीला कागदाचं छोटं शीड, आणि खाली बाभळीचा काटा, टोक पतंगाकडे. काट्यावर चिठ्ठीचा फास. शिडात वारा भरला की नळी दोऱ्यावरून आपोआप वर चढायची. पतंगाच्या अलीकडे दोऱ्यावर चिंधीची जाड गाठ होती. नळी तिच्यावर धडकून थांबली की चिठ्ठी झटक्याने पुढे जाऊन काट्यावरून निसटायची. चिठ्ठी वाऱ्यावर भरकटू नये म्हणून तिला चिंचोकाही बांधला होता. पश्चिमेच्या वाऱ्यात ती गाठ नेमकी वेणूच्या परसावर येत होती.

चिठ्ठी गुप्त, म्हणून नावगाव काही नाही: ‘तुझ्याशिवाय करमत नाय. झालं ते विसर. उद्या सकाळी विहिरीवर ये. कोणाला सांगू नको.’

सगळं बरोबर होतं. चुकला तो वारा. उन्हं कलताना खाडीवरचा वारा थोडा उत्तरेकडून यायला लागतो, हे शकूला ठाऊक नव्हतं. नळी चढत असतानाच दोरा दक्षिणेकडे सरकला, आणि चिठ्ठी परसाऐवजी पुढच्या ओटीवर, घोरत पडलेल्या काशीरामच्या टकलावर पडली.

काशीरामने चिठ्ठी वाचली. वर बघितलं. दोरा दाजींच्या बांधावरून आलेला. अक्षर कोंबडीच्या पायासारखं, म्हणजे दाजींचंच!

“बग, बग!” तो बायकोला म्हणाला. “करमत नाय म्हनतो! शेवटी आला वठणीवर!”

दुसऱ्या दिवशी पाणी भरायला गेलेली शकू बघते तर विहिरीवर वेणू नाही, तिचा बाप! धुतलेलं धोतर, हातात नारळ. तेवढ्यात दाजीही कळशी घेऊन आले. आपल्या वाटेवर शत्रू नारळ घेऊन उभा बघून त्यांची छाती फुगली.

“जा, माफ केला तुला!” काशीराम म्हणाला.

“तू मला? अरे, नारल घेऊन तू उबा हायेस! मीच तुला माफ केला!”

“मी आधी बोल्लो!”

“मी मनात कालच बोल्लो!”

कळश्या घेऊन आलेल्या बाया पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. चिठ्ठीचं नाव काढावं तर ‘कोणाला सांगू नको’ असं लिहिलेलं. काशीराम शब्दाचा पक्का; बायको सोडली तर कोणाला बोलला नाही. शकूने कळशी तोंडासमोर धरली. पण मोठी माणसं एकदा मन मोठं करायला लागली की थांबत नाहीत.

“माजं मन बगायचंय?” काशीराम ओरडला. “वेणू नाय जायाची उरनला! आजपासून शकूसंगती खेलंल!”

“खेलंल कशाला? जेवायलाच धाड तिला आमच्याकडं!”

“आधी शकू आमच्याकडं जेवंल!”

अशा रीतीने त्या दिवशी दोन्ही पोरींना दोन्ही घरी जेवावं लागलं. दुसऱ्या जेवणातला लाडू चघळताना वेणू हळूच कुरकुरली, “एवढे दिवस झाले, तुला मला एक चिठ्ठीपन धाडता आली नाय?”

पलीकडच्या पाटांवर काशीराम आणि दाजी शेजारी शेजारी बसले होते. एकमेकांना आग्रह करकरून दोघांची पोटं फुटायला आली होती, पण आधी ‘पुरे’ म्हणायला कोणीच तयार नव्हतं.

शकूने दोघांकडे बघितलं, आणि आपला लाडू वेणूच्या ताटात टाकला.