रुचीचं लग्न लागलं त्या दिवशी

सकाळी सहाला इंदरलाल रहांगडाले यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि चष्मा लावून मोबाईल डोळ्यांजवळ नेला. रुचीचा निरोप आला होता. रुची त्यांची एकुलती एक लेक, दोन वर्षांपासून नेदरलँड्समध्ये शेतीचं शास्त्र शिकत होती. धानाच्या पट्ट्यातल्या, तालुक्याच्या गोरेगावपासून दोन कोसांवरच्या त्यांच्या गावातून विमानात बसलेली ती पहिलीच मुलगी, आणि ही गोष्ट इंदरलाल कुणाला विसरू देत नसत.

निरोप असा होता: "आई-बाबा, लग्नाच्या वाढदिवसाच्या खूप खूप शुभेच्छा! ❤️🎂 👨🌾👩🌾 काल इथे सगळ्यांसमोर सांगून टाकलं. सगळे उठून उभे राहिले, टाळ्या वाजवल्या. संध्याकाळी फोन करते, सगळं सांगते 🙏😊"

"पाहा बरं," त्यांनी रामबाईंना हाक मारली, "पोरीले आपला लग्नाचा दिवस आठवते. तुले तरी आठवते का?"

"मले नाही आठवत त कोणाले आठवते?" रामबाई पदराला हात पुसत आल्या. त्यांनी निरोप ऐकला आणि पडद्यावर बोट ठेवलं. "हे काय होय? माणूस, धानाची पेंढी, बाई, पुन्हा धानाची पेंढी?"

इंदरलाल गोंधळले. नेमक्या त्याच वेळी त्यांची धाकटी बहीण शकुंतलाबाई विरजण मागायला आली. तिचं घर दोन घरं सोडून होतं आणि तिला न समजलेली गोष्ट जगात नव्हती. तिने मोबाईल हातात घेतला, एकदा पाहिला, दुसऱ्यांदा पाहिला आणि मटकन खाली बसली.

"भाऊ, रुचीनं लगन केलं."

"काहीही बोलून राहिली!"

"मी कायले बोलू? तूच पाह्य ना. माणसाचं तोंड पिवळं, बाईचं तोंड पिवळं. हळद लागली. दोघायच्या बाजूले धान. अक्षता पडल्या. मंग लोकं उभे राहिले, टाळ्या वाजवल्या. आन् हा केक. अजून काय पाहिजे तुले, पत्रिका?"

रामबाईंचा चेहरा उतरला. इंदरलालांनी लगेच रुचीला फोन लावला, पण तो बंद होता. तिथे अजून पहाटेचे तीनही वाजले नव्हते आणि रात्री फोन बंद करून झोपायची तिची सवय होती. शकुंतलाबाई विरजण विसरून घरोघर सांगत सुटली. त्यामुळे आठ वाजेपर्यंत बातमी अख्ख्या गावात पोचली.

पहिले आले उदाराम. हे शेजारचे शेतकरी, आणि बांधावरून इंदरलालांशी त्यांची जुनी कुरबुर होती. "ऐकलं ते खरं का, इंदरभाऊ? पोरीनं घरच्यायले न विचारता..."

लेकीविषयी तो सूर इंदरलालांना सहन झाला नाही. ते ताठ बसले. "न विचारता काऊन? मले सारं माहीत होतं. माही पोरगी मले सांगितल्याशिवाय पाणी नाही पेत."

रामबाई दारातून त्यांच्याकडे पाहतच राहिल्या.

"मंग जावई करते काय?"

इंदरलालांनी क्षणभर विचार केला. त्यांना फक्त धानाची पेंढी आठवली. "शेती."

"विदेशात जाऊन शेतकरीच केला?" उदाराम हसले.

"शेतकऱ्याले काय झालं?" इंदरलालांचा आवाज चढला. "तुम्ही आन् मी कोण होय, कलेक्टर? तिथं शेतकऱ्याले लोकं उभे राहून टाळ्या वाजवतेत. वाचून दाखवू का?" आणि त्यांनी खरोखरच वाचून दाखवलं.

त्यानंतर येणाऱ्या प्रत्येकाला ते तो निरोप वाचून दाखवू लागले. दर सांगण्यात जावयाची उंची वाढली, त्याच्या घरच्या गाई वाढल्या. नऊ वाजता कुणीतरी म्हणालं, "मंग तोंड गोड करा ना!" आणि इंदरलाल मोटरसायकल काढून जिलेबी आणायला गोरेगावला निघाले. मागे रामबाई बसल्या.

"आता खोटं किती वाढवता?" त्या वाटेत म्हणाल्या.

"मंग काय करू? लोकायसमोर पोरीची मान खाली जाऊ देऊ?" थोडं अंतर गेल्यावर ते हळूच बोलले, "तिनं आपल्याले नाही सांगितलं, रामे."

रामबाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

पाच किलो जिलेबी घेऊन ते टिकेशच्या मोबाईलच्या दुकानात शिरले. टिकेश हा शकुंतलाबाईचा मोठा मुलगा.

"या जावयाचा फोटो मोठा करून दे," इंदरलालांनी मोबाईल पुढे केला.

टिकेशने निरोप वाचला. "मामाजी, हा फोटो नाही, इमोजी होय. आन् तुमचं व्हॉट्सअॅप कवाचं जुनं आहे! अपडेट काऊन नाही केलं?"

"जागा नाही म्हणते तो."

जागा असणार कशी? आत सुप्रभाताची अठराशे चित्रं होती. टिकेशने ती पुसली आणि अपडेट सुरू केलं. दहा मिनिटांनी त्याने तोच निरोप पुन्हा उघडला. 👨‍🌾👩‍🌾

माणूस आणि पेंढी नाहीसे झाले होते. त्या जागी टोपी घातलेला एक शेतकरी होता आणि त्याच्या बाजूला टोपी घातलेली एक शेतकरीण.

"तिनं चार नाही, दोनच चित्रं पाठवली होती," टिकेश म्हणाला. "माणूस आन् धान, मधात एक सांधा, जो दिसत नाही. नवीन अॅपले सांधा समजते, तो दोघायले जोडून शेतकरी दाखवते. जुन्याले समजत नाही, तो सुटंसुटं मांडते."

"आन् तोंड पिवळं?"

"रंग निवडला नाही त सगळ्यायचंच पिवळं राहते."

"मंग हे दोघं कोण होय?" रामबाईंनी विचारलं.

टिकेश हसला. "मामी, लग्नाचा वाढदिवस कोणाचा आहे आज?"

इंदरलाल बाकड्यावर बसले. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, आणि त्या दोन बोटभर माणसांकडे बराच वेळ पाहत राहिले.

संध्याकाळी अंगणात गाव जमलं. इंदरलालांनी मधोमध उभं राहून सांगितलं, "जावई नाही. मले काहीच माहीत नव्हतं, मी खोटं बोललो. जिलेबी आमच्या लग्नाची होय. तीस वर्षं झाले, खा." उदारामांनी आधी तोंड वाकडं केलं आणि मग दोन वेढे उचलले. "पिवळं तोंड पाहून कोणीबी फसन," असं म्हणत शकुंतलाबाईने चार घेतले.

तेवढ्यात रुचीचा फोन आला. इंदरलालांनी स्पीकर लावला.

"बाबा, काल मी धानावर बोलले. मोठमोठे प्रोफेसर होते. पहिलंच चित्र तुमचं आणि आईचं लावलं, धान रोवतानाचं, चिखलातलं. म्हटलं, हे माझे पहिले गुरू. सगळे उठून उभे राहिले."

अंगणात कुणी जिलेबी चावत नव्हतं. इंदरलालांची छाती इतकी फुगली की सदऱ्याची गुंडी ताणली.

"आणि बाबा, सर इथेच बसलेत. ते विचारताहेत, तुम्ही रोवताना रोपांच्या दोन चुडांमध्ये नेमकं अंतर किती ठेवता?"

इंदरलालांनी घसा साफ केला. सगळ्या गावाचे कान त्यांच्याकडे होते. "आता... ते असं आहे, की जमीन पाहून... अंदाजानं..."

रामबाईंनी त्यांच्या हातून मोबाईल घेतला.

"यायले काय माहीत? हे बांधावर उभे राहतेत. रोवणा त मी करतो," त्या म्हणाल्या. "लिहून घ्या म्हणा सायबाले. उशिरा पिकणारा भारी धान असन त एक वीत. लवकर येणारा हलका असन त चार बोटं कमी. आन् चूड उभा लावायचा, दाबायचा नाही."

पलीकडून रुचीचा आवाज आला, "हळू सांग आई, सर लिहून घेऊन राहिले."