चौथी वारस

"घर विकावं, पण बोलणं तोडू नये," असं उमेंद्र पटलेनं पत्राच्या पहिल्याच ओळीत लिहिलं होतं. वडील उदाराम जाऊन दोन वर्षं झाली होती आणि मुर्री गावातल्या त्यांच्या घराला तेव्हापासून कुलूप होतं. उमेंद्र गोंदियाच्या एका शाळेत कारकून. कागद चोख असला की माणसं भांडत नाहीत, असा त्याचा साधा विश्वास.

मोठा भाऊ देवेंद्र आणि नवेगावबांध गावी लग्न करून दिलेली बहीण शामकला, दोघांना त्यानं एकच मजकूर पाठवला. तिघांचे हिस्से समान. भावंडांपैकी कुणाला घर हवं असेल तर पहिला मान त्याचा. त्यानं बाजारभावानं बाकी दोघांचे हिस्से द्यावेत. नाहीतर तीन गिऱ्हाइकांकडून लेखी भाव घ्यायचे, सरकारी दराशी ताडून पाहायचे आणि तिघांनी मिळून एक पसंत करायचा. थकलेला घरटॅक्स आधी भरायचा. उरलेल्या रकमेचे तिघांच्या नावे तीन वेगळे बँक ड्राफ्ट.

दुसऱ्याच दिवशी देवेंद्रचा फोन आला.

"मजकूर बेस आहे. पर शामीचा हिस्सा कायले? हक्कसोड लिहून घेऊ, एक चांगलं लुगडं देऊ, झालं."

"भाऊ, कायद्यानं तिचा हक्क आपल्याएवढाच आहे."

"तिनं मांगला का?"

मागितला नव्हता. शामकला फोनवर एवढंच म्हणाली होती, "तुमी दोघं ठरवा." याचीच उमेंद्रला धास्ती वाटली. ऐनवेळी बहिणीचं नाव कुणी गाळू नये म्हणून ग्रामपंचायतीच्या वारस नोंदीच्या अर्जात त्यानं तिचं नाव माहेरचंही लिहिलं आणि सासरचंही. दोन ओळींत.

आठ दिवसांनी ग्रामपंचायतीच्या फलकावर नोटीस लागली. मयत उदाराम पटले यांचे वारस: देवेंद्र, उमेंद्र, शामकला उदाराम पटले, शामकला योगराज रहांगडाले. कुणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांत लेखी द्यावी.

हरकत कुणीच घेतली नाही. चर्चा मात्र सगळ्यांनी केली. संध्याकाळपर्यंत चहाच्या टपरीवर बकारामनं निकालही देऊन टाकला. "उदारामभाऊले दुसरं घर होतं ना बाप्पा! म्हणून तं दर बाजाराले आमगावले जात होते."

"ते बैल पाहाले जात होते," कुणीतरी म्हणालं.

"पंधरा वर्षं? बैल घेतले किती?"

सगळ्यात चांगला भाव देणारं गिऱ्हाईक म्हणजे गोंदियाचे व्यापारी मुन्नालाल. त्यांनी उमेंद्रला फोन केला. "देखो भैया, चार वारिस तो चार दस्तखत. वो चौथी बहन किधर है? मैं झगड़े का मकान नहीं लेता."

देवेंद्र तर मोटरसायकल स्टँडवर न लावताच उमेंद्रच्या घरात शिरला. मोटरसायकल बाहेर पडल्याचा आवाज आला, तरी त्यानं मागं पाहिलं नाही.

"ही चौथी कोन?"

"आपली शामीच आहे. मीच दोनदा लिहिलं," उमेंद्र खाली मान घालून म्हणाला.

"काऊन?"

"तिचं नाव सुटू नये म्हणून."

देवेंद्रला राग यायला वेळच मिळाला नाही, कारण त्याचा हिशोब आधी झाला. तिघांत वाटलं तर तिसरा हिस्सा, चौघांत वाटलं तर चौथा. वर बापाच्या नावाला बट्टा. त्याच संध्याकाळी तो टपरीवर गेला आणि बकारामच्या समोर उभा राहून बोलला, "आमाले एकच बहीन आहे! एकच! अन् तिचा तिसरा हिस्सा आहे, पूर्न!"

मग सोनाराकडे, किराणा दुकानात, देवळाच्या पायरीवर त्यानं हेच सांगितलं. तीन दिवसांत मुर्रीत लहान पोरालाही शामकलाचा हिस्सा तोंडपाठ झाला.

ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी सांगितलं, दोन्ही नावं एकाच बाईची, असं तिचं प्रतिज्ञापत्र लागेल. सोबत लग्नाचा पुरावा, आधार आणि दोघा भावांचा जबाब. जबाब लिहिताना त्यांनी विचारलं, "बहिणीचा हिस्सा सोडायचा आहे का?"

"सोडायचा?" देवेंद्र ओरडला. "तिसरा हिस्सा म्हणून लिवा, साहेब. जाड अक्षरात लिवा!"

उमेंद्रनं आपला पेन साहेबांपुढे सरकवला.

नोंद दुरुस्त झाली. खरेदीखताच्या दिवशी शामकला नवेगावहून पिशवीभर शिंगाडे घेऊन निबंधक कार्यालयात आली. तिघांनी सह्या केल्या, अंगठे उमटवले, फोटो काढले. मुन्नालालनी तीन ड्राफ्ट पुढे ठेवले. देवेंद्रनं स्वतःचा बाजूला सारून आधी शामकलाचा उचलला, चष्मा लावला आणि तिचं नाव अक्षर अक्षर वाचलं.

"बराबर आहे. ठेव."

शामकलानं तो हातात धरला, पण पर्समध्ये टाकला नाही. "भाऊ, आता हक्कसोडीवर कुठी सही करू? तुमी पहिले उमेंद्रभाऊले फोनवर म्हनलं होतं ना. मी तयारीनंच आली."

देवेंद्रनं चष्मा काढून खिशात ठेवला. उमेंद्र छताकडे पाहू लागला.

"कोनाची हक्कसोड, शामे?" देवेंद्र घसा खाकरून म्हणाला. "साऱ्या मुर्रीले सांगून बसलो मी. आता कोन्या तोंडानं मांगू? शिंगाडे काढ, भूक लागली."