अभिनंदनाचा चौथा मसुदा

आमच्या कार्यालयातले ढगे रिकाम्या खुर्चीला पत्रं वाचून दाखवतात. गंमत म्हणून नव्हे, रोजचं काम म्हणून. वाशीमच्या आमच्या दुमजली इमारतीत जावकचं टेबल त्यांच्याकडे आहे. बाहेर जाणाऱ्या पत्रावर क्रमांक घालायचा, नोंदवहीत चढवायचं आणि टपालात द्यायचं, एवढंच खरं तर काम. पण क्रमांक घालण्याआधी ढगे पत्र हातात घेतात, समोरच्या खुर्चीत ते घेणारा बसला आहे असं समजतात आणि मोठ्यानं वाचतात. मध्येच थांबून पत्र लिहिणाऱ्याला विचारतात, "हे तुमी त्याच्या तोंडावर म्हनसान काय?" उत्तर नाही आलं की पत्र परत. एकदा खुद्द साहेबांचं परत गेलं होतं.

मी हिशेब केला. पत्राला दोन मिनिटं, दिवसाला साधारण तीस पत्रं, म्हणजे रोज एक तास खुर्चीसाठी. ढग्यांना तसं सांगितलं, तर म्हणाले, "आन् आपन लिवलेलं समोरच्याले लागलं, का तो महिनाभर बोलत नाई, तो टाइम कोन मोजते, गावंडे भाऊ?"

मला त्यांच्याकडे स्वतःचं पत्र न्यायची वेळ कधी आली नव्हती. ती गेल्या वर्षी आली.

मानोऱ्याच्या तालुका कार्यालयात अधीक्षकाची एक जागा भरायची होती. ज्येष्ठता यादीत ढगे तिसरे, सुनंदाताई खंदारे चौथ्या, मी पाचवा. पहिले दोघे निवृत्तीला टेकलेले, त्यांना आधीच पदं मिळाली होती. ढगे वगळले जाणार हे सगळे धरूनच चालले होते. खुर्चीशी बोलणाऱ्या माणसाला अधीक्षक कोण करेल? राहिल्या सुनंदाताई. त्या माझ्या समोरच्या टेबलावर अकरा वर्षं बसल्या. माझ्या आणि त्यांच्या रुजू होण्यात एकोणीस दिवसांचं अंतर. पण त्यांचा मुलगा बारावीला, तेव्हा त्या मानोऱ्याला जायला नाही म्हणतील असं मला वाटत होतं. वाटत होतं कसलं, मी त्यावरच विसंबून होतो.

सोमवारी आदेश निघाला. सुनंदाताईंनी लगेच होकार दिला.

त्यानंतर चार दिवस मी त्यांच्याशी फक्त फायलीपुरतं बोललो. कार्यालयाच्या ग्रुपवर सदतीस जणांनी अभिनंदन केलं, मी मोजत होतो, आणि माझं नाव त्यात नव्हतं हे त्याही पाहत असणार. शुक्रवारी संध्याकाळी त्या कार्यमुक्त होणार होत्या. त्याआधी काही लिहिलं नाही, तर अकरा वर्षांचा शेवट "ती फाइल सरकवा" यावर होणार होता.

शुक्रवारी सकाळी मी मसुदा मोबाइलवर लिहून ढग्यांपुढे ठेवला. त्यांनी तो खुर्चीला वाचून दाखवला.

"आपल्या पदोन्नतीबद्दल हार्दिक हार्दिक अभिनंदन. आपल्या यशाचा आम्हाला सार्थ अभिमान आहे. पुढील वाटचालीस मनःपूर्वक शुभेच्छा."

"आम्हाला म्हनजे कोन?" ढग्यांनी विचारलं. "घरचे सारे बसले होते काय लिवाले?"

"लिहितात तसं."

"तेच तं. यात तिचं नाव काढून बांधकाम खात्यातल्या कोनाचं टाकलं तरी चालते. आन् हार्दिक दोनदा काहून? एकात भरत नवतं काय?"

दुसरा मसुदा मी प्रामाणिक केला. "ज्येष्ठतेनुसार योग्य निवड झाली. मलाही ही जागा हवी होती, पण तुम्हाला मिळाली याचा आनंदच आहे."

ढग्यांनी तोही खुर्चीला वाचून दाखवला. "ज्येष्ठतेनुसार म्हनजे एकोनीस दिवसानं जिंकली, असंच सांगून राह्यले ना तिले? योग्य निवड म्हनता, तं तुमी काय निवड समितीत होते? आन् आनंदच आहे. या 'च'नं सारा घोटाळा केला. खऱ्या आनंदाले 'च' लागत नाई."

"पण हवी होती हे खरं आहे."

"खरं हाय. पन ते वाचून तिनं काय करावं? चांगल्या दिवशी तिनंच तुमची समजूत घालावी काय?"

तिसऱ्यात मी स्वतःला पार काढून टाकलं. ढगे म्हणाले, हे तर पहिल्यासारखंच झालं; तिला माहीत आहे तुम्हाला जागा हवी होती, मग जणू काही झालंच नाही असं लिहिलं तर ती कुठल्याच शब्दावर विश्वास ठेवणार नाही. "हवी होती ते एकाच वाक्यात सांगा. त्याच्यावर रडू नका, आन् त्याले 'पन' जोडू नका. आन् पह्यले हे सांगा, तिनं काय केलं? तुमी डोयानं पाह्यलं ते."

मी विचार केला. एका शिपायाच्या विधवेचं निवृत्तिवेतन अडकलं होतं. सेवापुस्तकात एका रजेची नोंद नव्हती, आणि प्रत्येक कार्यालय दुसऱ्याकडे बोट दाखवत होतं. सुनंदाताईंनी स्मरणपत्रांमागे स्मरणपत्रं पाठवून ती नोंद मिळवली होती. पण पत्रं चार होती की पाच? चूक आकडा लिहिणं मला जमत नाही. मी ढग्यांची नोंदवही ओढून पानं उलटायला लागलो.

"राहू द्या, मी पाह्यतो," ढगे म्हणाले. ते एवढ्या घाईनं कधी बोलत नाहीत.

मी तोवर पुढची पानं उलटली होती. पत्रं पाच होती. पण पाचवं शोधताना ढग्यांच्याच अक्षरातली दुसरी एक नोंद दिसली. वरिष्ठ कार्यालयाकडे रवाना, विषय: श्री. ढगे यांचा पदोन्नती नाकारल्याबाबतचा अर्ज. समितीच्या बैठकीआधीची. म्हणजे त्यांना कोणी वगळलं नव्हतं; त्यांनीच नको म्हटलं होतं.

मी वही मिटली आणि चौथा मसुदा लिहिला.

"सुनंदाताई, अभिनंदन. त्या बाईंच्या निवृत्तिवेतनासाठी तुम्ही पाच स्मरणपत्रं पाठवलीत. मी तिसऱ्यानंतर सोडून दिलं असतं. मानोऱ्याला असं माणूस मिळालं हे बरं झालं. ही जागा मलाही हवी होती, म्हणून चार दिवस गप्प राहिलो. ते चुकलं. मंगळवारचा आढावा तक्ता आता मी बघेन, त्याची काळजी करू नका."

ढग्यांनी तो वाचला. मध्ये कुठे थांबले नाहीत. "पाठवा," म्हणाले. "ग्रुपवर नको. तिले एकटीले."

दहा मिनिटांत उत्तर आलं. "तक्त्यातला सातवा रकाना दरवेळी चुकतो, तेवढा पाहजा. आन् डबा आणला आहे, दीड वाजता या."

मी ते ढग्यांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून दोनदा वाचलं. मग मी विचारलं, "तुम्ही पदोन्नतीला नकार का दिलात?"

त्यांनी वहीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "घरी बायकोचा उजवा हात चालत नाई, दोन वर्षं झाले. दुपारी जेवू मीच घालतो. मानोऱ्याहून दीड वाजता घरी कसं येता येईन?"

"हवी होती का?"

"हवी होती ना. तुमच्या शब्दातली खोट मले कशी दिसली मंग?"

त्यांनी खिशातून मोबाइल काढून माझ्यापुढे धरला. सुनंदाताईंना पाठवायचा मजकूर सुरू केलेला होता. एकच शब्द: "सुनंदाताई". पुढे स्वल्पविराम.

"खरं तेच लिहा," मी म्हणालो. "अर्जाचं सांगा."

"ते नाई सांगत. तिले वाटन का ढग्यानं सोडली म्हनून भेटली. तिची हाय ते तिचीच राहू द्या." त्यांनी मोबाइल टेबलावर ठेवला. "आता ते सोडून खरं काय लिवू, तेच चार दिवसापासून पाहून राह्यलो. बसता काय थोडं?"

दीडला अजून वीस मिनिटं होती. मी बसलो.