भिकाजीपंतांचे वाल

भिकाजीपंत बायकोशी बोलत ते खांबाला उद्देशून. ओटीवरच्या खांबाकडे तोंड करून म्हणायचे, "विहिरीचा दोर तुटलाय." आतून वहिनींचं उत्तर यायचं, "नवा आणवावा." झालं, संसार चालला. पूर्वी मध्ये लेक असायची. "येसू, आईला सांग," असं चालायचं. येसू लग्न होऊन पनवेलला गेली आणि तिची जागा खांबाने घेतली. वडीलधाऱ्यांदेखत नवरा-बायकोने बोलायचं नाही, ही आमच्या कल्याणातली रीत. यांच्या घरचे वडीलधारे कधीच देवाघरी गेले होते, रीत तेवढी मागे राहिली होती.

मी त्यांचा शेजारी. मधली भिंत कुडाची, त्यामुळे इच्छा नसली तरी ऐकू येई. आणि इच्छा नव्हती असंही नाही.

एकदा वहिनी भावाकडे खडवलीला गेल्या. संध्याकाळी पंत माझ्या ओट्यावर येऊन बसले.

"घर फार गप्प आहे हो."

"एरवी तरी कुठे बोलतं?"

"तेच म्हणतो मी," पंत म्हणाले. दिवेलागण झाली तरी ते उठेनात. मला त्यांची दया आली.

वहिनी परतल्या तसे पंत त्यांच्याशी समोरासमोर बोलायला कंबर कसून उभे राहिले. पण मामलेदार कचेरीत जबान्या लिहिण्यात हयात गेलेली. त्यांनी वहिनींना समोर बसवलं आणि म्हणाले, "खडवलीस काय घडलं ते क्रमाने सांग." वहिनी म्हणाल्या, "सगळी बरी आहेत," आणि भाकऱ्या थापायला गेल्या. दुसऱ्या दिवशी "तुझं आणखी काही म्हणणं आहे काय?" असा सवाल झाला. वहिनी घाबरून माझ्याकडे आल्या. "भावोजी, कचेरीत काही झालंय का? स्वारीचं लक्षण ठीक दिसत नाही."

शेवटी पंत हरले आणि वहिनींशेजारी जमिनीवर बसले. पुढ्यात मोड आलेले वाल कोमट पाण्यात टाकलेले. वहिनी साल काढत होत्या, पंतही काढू लागले. कुडाच्या फटीतून मला दिसत होतं, दोघांची नजर पातेल्यात. मूठभर साली निघाल्यावर पंत आपणहून म्हणाले, "येसू गेली त्या दिवशी कचेरीत मला एक ओळ लिहवली नाही. कुणाला बोललो नाही मी."

वहिनींचा हात थांबला. मग हळूच म्हणाल्या, "मी तिचं परकर-पोलकं उशाशी घेऊन निजत होते. इकडे कधी कळू दिलं नाही."

'होईल सवय' असं काहीतरी पंत आता म्हणणार, असं मला वाटलं. ते एवढंच म्हणाले, "मग?"

खांबाला त्यांनी कधी 'मग' म्हटलं नव्हतं. वहिनी बोलत राहिल्या.

तेव्हापासून आमच्या आळीवर वालांची धाड आली. ज्याच्या त्याच्या घरी वाटीभर डाळिंब्या, म्हणजे सोललेल्या वालांची उसळ. पंत स्वतः मात्र दूधभात जेवत, वाल त्यांना सोसत नसत. मी न राहवून विचारलं, "पंत, इतके वाल कशाला आणता?"

त्यांनी आवाज खाली आणला. "सोलून झाले की ती उठते हो."

सकाळी मी वाटी परत द्यायला गेलो. वहिनी वाल भिजत घालत होत्या.

"वहिनी, पंतांना वाल सोसत नाहीत ना?"

"नाही सोसत," वहिनी म्हणाल्या, आणि त्यांनी पातेल्यात आणखी दोन मुठी टाकल्या.