फोटोतला पाचवा

चूक माझीच. राजहंसगडावरचा आमचा फोटो मी मल्लूअण्णांना न विचारता फेसबुकवर टाकला, आणि वर कॅप्शनही स्वतःच लिहिलं.

मल्लूअण्णा वडगावचे. घरी यंत्रमाग, त्याच्या खडखडाटात आयुष्य गेल्यामुळे गडावरही ओरडूनच बोलतात. आमच्या दोस्तमंडळींची कॅप्शनं तेच लिहिणार, हा रिवाज. लिहिलेलं आधी कुणा अनोळखी माणसाला वाचून दाखवतात. एकदा काकतीच्या गुराख्याला थांबवून चार कॅप्शनं ऐकवली. तो हसला नाही, चारही पुसली.

"दोस्त हसत्यातच रं. परक्यानं दात काढले पाह्यजेत!"

त्यांचे नियम पक्के. "मजा पहिल्याच ओळीत. बाकीचं 'आणखी पहा'च्या मागं जातंय, तिकडं कोण फिरकतंय?" इमोजीचं हसरं तोंड एकच, जास्त लावली की विनोदाला टेकू दिल्यासारखं दिसतं. आणि चिडवायचं तर सगळ्यांना. "एकालाच धरलं की ते कॅप्शन न्हाय, भांडण!"

मागचं कॅप्शन असं होतं: 'पाचजण गडावर. सुऱ्याचं पोट आधी पोचलं, सुऱ्या मागनं आला, बाकीच्यांचा दम खालीच ऱ्हायला.' खाली लोक विचारत, फोटोत तर चौघंच, पाचवा कुठाय? अण्णांचं उत्तर ठरलेलं: "नीट बघा."

कारण फोटो तेच काढत. सूर्य पाठीशी घेऊन. त्यामुळे आमच्या पायांशी त्यांची लांबच लांब सावली पडे, कोपरं बाहेर काढलेली.

यावेळी माझ्या फोनवर फोटो काढून अण्णा माग बिघडला म्हणून घाईनं घरी गेले. सुऱ्या म्हणाला, "तूच टाक की रं, शिकलेला हाईस." मी फोटो नीटनेटका केला. खालची काळी सावली कापली. लिहिलं: 'चार वाघ, एक गड!' आणि सहा हसरी तोंडं.

लाईक भरपूर आले. संध्याकाळी अण्णांच्या मुलीची कमेंट आली. ती लग्न होऊन गुजरातेत असते, अण्णांना आप्पा म्हणते. 'काका, आप्पा आलं न्हवतं व्हय? बरं हाईत न्हवं?'

मी अण्णांना फोन लावला. माग थांबलेला असावा. पहिल्यांदाच ते हळू बोलले.

"फोनवर मी बरा हाय म्हणतो रं. तिला पटत न्हाय. सावली बघितली की म्हणती, आप्पा गड चढलं, म्हंजे गुडघं बरं हाईत."



कॅप्शन बदलता येतं, कापलेला फोटो नाही. म्हणून सगळ्या लाईकसकट पोस्ट काढून टाकली. मूळ फोटो सावलीसकट पुन्हा चढवला, अण्णांना आणि त्यांच्या मुलीला टॅग केलं. कोपऱ्यावरच्या पानवाल्याला आधी वाचून दाखवलं. तो हसला, मग टाकलं:

'पाचजण गडावर. चौघं धापा टाकतायत, पाचवा आडवा पडूनही सगळ्यात उंच. अण्णा, तुमच्यावर कात्री चालवली, चुकलो. माफ करा.'