शोभाचं हसू कुठल्या दिवसाचं?

"पाठ दाखवली! बोलताना पाठ! तोंड दाखवा की राव!" दत्तूभाऊ आमच्या घरी टीव्हीकडं बघून असा ओरडला, की पार आणे पठारावरची मेंढरं उधळली असतील.

दत्तूभाऊ म्हणजे पिंपरी पेंढारचा लग्नाचा व्हिडिओवाला. निम्म्या जुन्नर तालुक्याची लग्नं त्यानं कापली नि जोडली. त्यामुळे ओठ हलताना दिसल्याशिवाय तो कुणाचं काही खरं धरत नाही. बायकोनं आतून "जेवायला चला" म्हटलं, तरी आधी चुलीपाशी जाऊन तिचं तोंड बघून येतो.

त्या दिवशी टीव्हीवर आमच्या गावची शोभा होती, गाण्याच्या स्पर्धेत. तिची मैत्रीण बाद होऊन रडली, अन् लगेच शोभा हसताना दिसली. मग शोभाची पाठ, वर तिचा आवाज: "ती गेली, बरं झालं." खाली दाणकन ढोल.

गाव पेटलं. बाहेरच्या प्रेक्षकांची मतंही आटली, पुढच्या आठवड्यात शोभाच बाद. रविवारी ती यायची होती. स्टँडवर कुणी जायचं नाही, असं ठरलं. तिची आई कडी लावून घरात बसली.

दत्तूभाऊनं तो भाग टेप केला होता. सरपंचांना बसवून त्यानं दहादा मागंपुढं केला. "मैत्रीण रडताना मागं उभ्या शोभाची वढणी उजव्या खांद्यावर, हसताना डाव्या. हे हसू दुसऱ्या दिवसाचं! अन् ऐका, 'ती गेली'च्या मागं पंख्याची घरघर हाय, 'बरं झालं'च्या मागं न्हाई. दोन बोलणी शिवल्यात!"

"पण हसली ना?" सरपंच म्हणाले.

मग दत्तूभाऊनं तीच टेप नव्यानं कापली. आधी मैत्रिणीचा विनोद, त्यावर शोभाचं तेच हसू. मैत्रीण रडली, की शोभा डोळे पुसताना. खरं तर तो तुकडा परीक्षकांनी शोभाचंच कौतुक केलं तेव्हाचा होता. पाठ काढली, ढोल काढून बासरी घातली. नवा शॉट एकही नाही. देवळासमोर दाखवली, तर सरपंचांचं उपरणं पिळून एक वाफा भिजला असता. रविवारी स्टँडवर ताशा!

शोभानंही टेप पाहिली. "भाऊ, मी येवढी चांगली बी नव्हते. पण तुमाला हे सगळं कळतं कसं?"

दत्तूभाऊ वायर गुंडाळत होता. पहिल्यांदाच हळू बोलला. "माझ्या थोरल्या भनीच्या, आक्काच्या लग्नात तिच्या सासूनं उन्हानं तोंड वाकडं केलं व्हतं. मी तो शॉट आमच्या आहेराच्या भांड्यांनंतर लावला. जरा गंमत. पावणं लई हसलं. सासूनं नऊ दिवाळ्या आक्काला माहेरी धाडलं न्हाई."

"मग मूळ टेप दाखवा की त्यांना. त्यात ऊन दिसंल."

"त्याच टेपवर मी नंतर दुसऱ्याचं लग्न शूट केलं," दत्तूभाऊ म्हणाला.