गव्हाणे बाईंचा पहिला मेसेज

गव्हाणे बाई छत्री घ्यायला गेल्या की आधी दुकानासमोरच्या नळाखाली ती उघडून धरतात. पाणी आत येतं का ते पाहतात, छत्री तिरकी करतात, उलटी करतात, आणि मगच किंमत विचारतात. पूर्णेतला छत्रीवाला आता त्यांना लांबून येताना पाहिलं की स्वतःच बादली भरून ठेवतो. चप्पल घेताना त्या दुकानात जिना असेल तर जिना चढून येतात. नवीन उशी आणली तर दुपारी झोपून पाहतात, आणि पटली नाही तर झोपेच्या खुणा गालावर घेऊनच दुकानात परत नेऊन देतात.

पाचवी ते दहावीला विज्ञान शिकवण्यात बाईंचा जन्म गेला. "निरीक्षण अगोदर, निष्कर्ष मागून," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी त्याच शाळेत मराठी शिकवायचे. आमच्या विषयात निष्कर्ष अगोदरच काढलेला असतो, म्हणून आमचं जमलं असावं. दोघी निवृत्त झाल्यावर रोज संध्याकाळी स्टेशनबाहेरच्या चहाच्या गाड्याजवळ एका बाकावर बसायचं, गाड्यांतून उतरणारी माणसं बघायची आणि सगळ्या गावाची चौकशी करायची, हा आमचा नेम पडला. सहा ते सात. सातला माझ्या सुनेचा फोन येतो आणि मी उठते.

बाईंचे मिस्टर जाऊन बरीच वर्षं झाली. एकुलती एक मुलगी, मेघा, पुण्यात असते. दिवाळीला ती आली आणि तिनं आईच्या फोनवर जोडीदार शोधायचं ॲप घालून दिलं. बाईंनी हे मला बाकावर सांगितलं, पावसापाण्याचं सांगावं तसं.

"मेघा म्हणायली, आई, तुला कुणीतरी सोबत पाहिजे."

मला राग आला तो त्या 'सोबत' शब्दाचा. मग इतकी वर्षं रोज संध्याकाळी बाईंच्या शेजारी बसायची ती कोण? चहाच्या गाड्याची फळी? मी वरवर हसले आणि म्हणाले, "बघा बाई, लय फसवाफसवी असती त्यात." काळजीनं नाही म्हणाले, जळून म्हणाले.

बाईंनी मात्र ते ॲप प्रयोगशाळेत नवीन उपकरण आल्यासारखं हाताळलं. नंबर टाकला, त्यावर आलेला आकडा टाकला, जन्मतारीख खरी घातली. फोटो मेघानं निवडले: एक जवळचा, एक अंगणातला, एक हसतानाचा. मग कॅमेऱ्यासमोर तोंड धरून, ॲप सांगेल तशी मान वळवून पडताळणी केली, तेव्हा नावापुढं खूण आली. वयाची मर्यादा घातली. अंतराची मर्यादा पहिल्यांदा पूर्णेपुरतीच ठेवली होती, तर ॲपनं कळवलं की जवळपास कुणी उरलं नाही. मग परभणी, नांदेड, वसमतपर्यंत वाढवावी लागली. फोनमधले ओळखीचे नंबर लपवायची सोय असते, ती मेघानं सांगितली होती, पण बाईंनी केली नाही. त्यामुळे दुसऱ्याच दिवशी आमचे जुने मुख्याध्यापक समोर आले, वय वर्षं अठ्ठावन्न. त्यांच्या निवृत्तीच्या समारंभात आम्ही दोघींनी स्वागतगीत म्हटलेलं, आणि त्यालाही आता जमाना झाला.

"वय चुकलंय," बाई म्हणाल्या आणि त्यांना उजवीकडे सरकवलं.

"अहो, उजवीकडे म्हणजे पसंत!"

"तर काय नापास करू? माणूस समोर बसलाय."

तेव्हा कळलं की बाई कुणालाच डावीकडे सरकवत नव्हत्या. आठवीपर्यंत कुणाला नापास करायचं नाही ही सवय इतकी मुरलेली, की गॉगलवाला, ट्रॅक्टरवर बसलेला, सहा जणांच्या घोळक्यातला नेमका कोणता ते न कळणारा, सगळे पास. संध्याकाळपर्यंत ॲपनं सांगितलं की आजच्या पसंत्या संपल्या, उद्या या. आणि समोरच्या पसंत्यांशी जुळलेल्या जोड्यांची ही रांग लागली. त्यात एक जहाजावरचा इंजिनियर होता, फोटो कॅलेंडरमधून कापल्यासारखे आणि नावापुढं पडताळणीची खूण नाही. मेघानं फोनवरून त्याची तक्रार करायला लावली, ओळखीचे नंबर लपवायला लावले, बाकीच्यांशी जुळणी मोडायला लावली. मुख्याध्यापकांशी जुळणी मोडताना बाई 'सॉरी सर' म्हणाल्या. मी ऐकलं.

या सगळ्यात मला मजा वाटत होती, खोटं कशाला बोलू. मला वाटलं, हे असंच चार दिवस चालेल आणि बाई कंटाळतील.

मग प्रकाशराव आले.

नांदेडचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त, पत्नी नाही. फोटोत पपईच्या झाडाला हात लावून उभे. स्वतःबद्दल एवढंच लिहिलेलं: 'एकट्याचा चहा मला मापात जमत नाही. नेहमी दोघांचा होतो.' बाईंनी ते वाचलं, फोन खाली ठेवला आणि त्यानंतर दोन गाड्या येऊन गेल्या तरी कुणाच्या सामानाबद्दल एक शब्द काढला नाही. मग फोन परत उचलला. उजवीकडे सरकवलं तर लगेच पडदा पिवळा झाला, म्हणजे जोडी जुळली. त्यांनी आधीच बाईंना पसंत केलेलं होतं.

या ॲपवर पहिला मेसेज बाईमाणसानंच पाठवायचा असतो. चोवीस तासांत नाही पाठवला तर जुळणी आपोआप मोडते. फोटोभोवती एक गोल रेघ असते, ती वेळेबरोबर कमी होत जाते. एक दिवस मुदत वाढवूनही मिळते, पण ते बाईंना सांगून उपयोग नव्हता. त्यांनी कुठल्या पोराला परीक्षेत जादा वेळ दिला नाही, तर स्वतःला कुठून देणार?

मेघानं फोनवर बजावलं: थोडक्यात लिही, त्यांनी लिहिलंय त्यातलंच काहीतरी धर, एक प्रश्न विचार म्हणजे त्यांना उत्तर देता येईल. पत्ता, नंबर काही द्यायचा नाही. व्हॉट्सॲपवर या म्हणाले तर घाई करायची नाही. पुढं भेटायचं ठरलं तर चार माणसांत.

बाईंनी मला विचारलं, "तुमी मराठीच्या. कशी सुरुवात करावी?"

मी म्हणाले, "सप्रेम नमस्कार, विनंती विशेष." कुठलाही धडधाकट माणूस हे वाचून पळेल याची मला खात्री होती. बाईंनी माझ्याकडे जरा रोखून पाहिलं आणि म्हणाल्या, "रात्रीतून मी लिहिते. उद्या तुमी बघा. तुमी बघितल्याबिगर मी पाठवायची नाही. प्रात्यक्षिकाला बाहेरचा परीक्षक लागतोच."

घरी येऊन मी विचार केला. परीक्षकच हजर नसला तर? सकाळी उठून मी बहिणीकडे ताडकळसला निघून गेले. बाजाराचा दिवस होता, तेवढं निमित्त पुरलं. फोन पिशवीच्या तळाशी ठेवला. एसटीत बसल्यावर मला फार हुशारी केल्यासारखं वाटत होतं. बाई सायंकाळपर्यंत थांबतील, ती रेघ संपेल, आणि उद्यापासून बाक आपला.

दुपारी मी बाजारात वांगी निवडत होते, तर समोरून गव्हाणे बाई. पदर कमरेला खोचलेला, कपाळावर घाम, हातात फोन दिवटीसारखा वर धरलेला.

"तुमच्या सुनेनं सांगितलं म्हणून तुमच्या बहिणीकडं जाऊन आले," त्या म्हणाल्या. "त्या म्हणाल्या, बाजारात गेली. फोन का उचलंनात तुमी?"

"रेंज नसती इकडं."

"मला हाय की." त्यांनी पडदा दाखवला. रेघ थोडीच उरली होती. "वाचा."

वांगीवाल्या मावशी तराजू तसाच धरून आमच्याकडे बघत होत्या. मी चष्मा काढला, पुसला, घातला. मेसेज असा होता:

'नमस्कार. एकट्याचा चहा मापात जमत नाही असं तुम्ही लिहिलंय. भांडं मोठं असेल, लहान घेऊन बघा. पपईचं झाड तुम्ही स्वतः लावलंय का? एक आधीच सांगते. संध्याकाळी सहा ते सात मी मोकळी नसते. तो वेळ माझ्या मैत्रिणीचा आहे आणि पुढंही राहील. हे चालत असेल तरच उत्तर द्या.'

मी ते दोनदा वाचलं. 

"हे शेवटचं काढा," मी म्हणाले. "पहिल्याच मेसेजमधी कुणी अटी घालतं का? पळून जाईल तो माणूस."

"पळाला तर निष्कर्ष निघाला."

"मग कशाला पाहिजे हे सगळं?" माझा आवाज चढला. "मी नाही का? रोज येते. एक दिवस चुकवला नाही."

बाईंनी फोन खाली घेतला. मग वांग्यांच्या ढिगाकडे बघत, हळू आवाजात बोलल्या.

"सहा ते सात तुमी असता. सातला तुमची सून फोन करती, भाकरी टाकू का म्हणून. तुमी उठून जाता. मग मी कुलूप काढते. टीव्ही लावते, बघत न्हाई. नुसतं घरात कुणीतरी बोलायलंय असं वाटावं म्हणून. जाधव बाई, सातच्या पुढं लय वेळ असतो हो."

इतक्या वर्षांत मी एकदाही विचारलं नव्हतं की सातनंतर बाई काय करतात. मला वाटायचं, त्या घरी जातात. माझ्याकडे दोन नातवंडं, मुलगा, सून, आणि बातम्यांचा आवाज मोठा करून घोरणारा नवरा. इतकी माणसं उशाला घेऊन मी एका बाईच्या फोनमधल्या पपईवाल्यावर जळत होते.

"पाठवा," मी म्हणाले.

"काही काढायचं?"

"काही नाही. कानामात्रा जागेवर हाय."

बाईंनी बाण दाबला. मग आम्ही वांगी घेतली. बाईंनी एक चिरून दाखवायला लावलंच.

पूर्णेला परत येईपर्यंत सात वाजून गेले होते. सुनेचा फोन आला तेव्हा मी तिला सांगितलं, माझी भाकरी टाकू नको, गव्हाणे बाईंकडं जेवणार हाय. बाईंनी कुलूप काढलं, दिवा लावला, आणि सवयीनं टीव्हीच्या बटणाकडे हात नेला. मग माझ्याकडे बघून तो मागे घेतला. आम्ही वांग्याची भाजी केली. पहिला घास घेतला आणि त्यांचा फोन वाजला.

बाईंनी डाव्या हातानं तो उचलला, पडदा स्वतःकडे वळवला. वाचता वाचता त्यांचा चेहरा असा झाला, जसा मी तो कधी शाळेतही पाहिला नव्हता, बाकावरही नाही. त्यांनी मला दाखवलं नाही. बाहेरच्या परीक्षकाचं काम संपलं होतं.

काय लिहिलंय ते विचारायचं माझ्या अगदी ओठांवर आलं. जीव जळला, आत्ताही सांगताना जळतोय. पण मी म्हणाले, "ताकाला फोडणी देते," आणि आत जाऊन, ताक घरात नाही हे माहीत असताना, बराच वेळ भांडी वाजवत राहिले.